डाळ मिल, ठराविक व्याजाचे कर्ज आणि स्वतःच्या पैशावरचा परतावा

वाशीम किंवा यवतमाळच्या एखाद्या गावात छोटी डाळ मिल टाकायची ठरली, की पहिला हिशेब पैशाचा होतो: किती घरचे घालायचे आणि किती बँकेचे. कर्ज घेतल्याने धंद्याची कमाई बदलत नाही, कारण मिलमधील यंत्राला पैसा कोणाचा आहे हे कळत नाही. बदलते ती कमाईची वाटणी. बँकेचा वाटा आधीच ठरलेला असतो आणि उरलेले सर्व, मग ते फायद्याचे असो वा तोट्याचे, मालकाच्या पदरात पडते. या गोष्टीला वित्तीय तरफेचा परिणाम म्हणतात.

हिशेबासाठी एक काल्पनिक मिल घेऊ. यंत्रे, शेड आणि तूर खरेदीसाठी फिरता पैसा धरून एकूण 20 लाख रुपये लागतात. मालकाने 8 लाख घातले आणि 12 लाख 11 टक्के स्थिर व्याजाने घेतले. वर्षाचे व्याज 1 लाख 32 हजार रुपये झाले. वर्ष चांगले गेले आणि विजेचे बिल, मजुरी, घसारा वगैरे सर्व वजा जाऊन, पण व्याज देण्याआधी, 3 लाख 40 हजार रुपये उरले, म्हणजे एकूण पैशावर 17 टक्के. व्याज दिल्यावर मालकाकडे 2 लाख 8 हजार राहतात आणि त्याच्या 8 लाखांवर ते 26 टक्के होतात. सगळे 20 लाख घरचे असते, तर परतावा 17 टक्केच राहिला असता.

ही 9 टक्क्यांची भर कोठून आली? बँकेच्या प्रत्येक शंभर रुपयांनी 17 रुपये कमावले आणि त्यांतले 11 रुपयेच बँकेला द्यावे लागले. उरलेले 6 रुपये मालकाचे, आणि त्याच्या एका रुपयामागे बँकेचा दीड रुपया असल्याने त्याच्या शंभर रुपयांमागे 9 रुपये जास्त आले. सूत्रात मांडायचे तर असे:

स्वभांडवलावरचा परतावा = एकूण परतावा + (कर्ज ÷ स्वभांडवल) × (एकूण परतावा − व्याजदर)

कंसातील वजाबाकीचे चिन्ह उलटले, की हेच सूत्र मालकाच्या विरुद्ध चालते. डाळीचा भाव पडून मिलची कमाई 1 लाखावर, म्हणजे 5 टक्क्यांवर आली, असे समजू. व्याज मात्र 1 लाख 32 हजारच आहे, त्यामुळे मालकाला 32 हजारांचा तोटा होतो: उणे 4 टक्के. धंदा स्वतः फायद्यात आहे आणि मालक तोट्यात आहे. एकूण परताव्यात 12 टक्क्यांची घसरण झाली, पण मालकाच्या परताव्यात 30 टक्क्यांची. ही मिल वर्षाला 1,200 क्विंटल तूर भरडत असेल, तर क्विंटलमागे फक्त 200 रुपये कमी सुटले तरी एवढा फरक पडतो, आणि तुरीच्या बाजारात 200 रुपये म्हणजे काही मोठी गोष्ट नव्हे. ही दोन वर्षे आलटून पालटून आली, तर सरासरी एकूण परतावा 11 टक्के होतो आणि मालकाचाही 11 टक्केच. म्हणजे कर्जाने सरासरीत काहीच वाढवले नाही, वाढवले ते फक्त हेलकावे.

म्हणूनच कर्ज परवडते का, हे पाहताना एकूण पैशावरचा, व्याजाआधीचा परतावा व्याजदराशी ताडून पाहावा लागतो. या आकड्यात आपल्याकडे एक चूक सर्रास होते: घरच्या माणसांची मजुरी कोणी धरत नाही. वरच्या चांगल्या वर्षात मालक स्वतः मिलवर राबला आणि त्याच्या कामाचे महिन्याला 10 हजार, म्हणजे वर्षाचे 1 लाख 20 हजार रुपये खर्चात धरले नसतील, तर खरी कमाई 2 लाख 20 हजार ठरते. ती 20 लाखांवर नेमकी 11 टक्के आहे. कागदावर दिसणारे 26 टक्के मग 11 टक्क्यांवर येतात आणि कर्जाचा म्हणून वाटलेला फायदा प्रत्यक्षात मालकाच्या घामाचा निघतो. माझ्या मते छोट्या धंद्यांच्या हिशेबात पहिल्यांदा तपासायची जागा हीच आहे.

व्याजदर खरोखर स्थिर आहे का, हेही करारात पाहावे. छोट्या उद्योगांना बँकांकडून मिळणारी बरीच नवी कर्जे 1 ऑक्टोबर 2019 पासून रेपो दरासारख्या बाह्य दराशी जोडलेली असतात. तशा कर्जात 11 टक्क्यांची सीमारेषाच वर-खाली होते.

शिवाय या सूत्रात मुद्दलाची परतफेड येतच नाही. 12 लाख 5 वर्षांत समान भागांत फेडायचे असतील, तर वर्षाला 2 लाख 40 हजार रुपये मुद्दलाचेच जातात. पडत्या वर्षात, समजा, खर्चात धरलेला 1 लाखाचा घसारा रोखीत हाताशी राहिला, तरी हाती 2 लाख असतात आणि पहिल्याच वर्षी व्याजासह 3 लाख 72 हजार भरायचे असतात. टक्केवारीत उणे 4 दिसणारा तोटा रोखीत 1 लाख 72 हजारांची तूट बनतो. ती भरून काढायला खासगी सावकाराकडून चढ्या व्याजाने पैसा उचलला, तर कंसातील फरक आणखी उणे होतो. त्यामुळे नवी तूर बाजारात येऊन मिल जोरात चालते त्या महिन्यांत मोठे हप्ते आणि पावसाळ्यात छोटे, अशी फेड कर्ज मंजूर होतानाच मागून घेणे शहाणपणाचे ठरते.