वाक्य की टॅग? चित्र काढणारं मॉडेल प्रॉम्प्ट कसा वाचतं

समजा, ठाण्याच्या तलावपाळीवरचं पावसाळ्यातलं एक चित्र हवं आहे. कठड्याशी हिरव्या साडीतली बाई लाल छत्री धरून उभी आहे. तिच्या शेजारी लाल शर्टातला मुलगा आहे, त्याच्या हातात हिरवी छत्री. मॉडेलला द्यायची लेखी सूचना, म्हणजे प्रॉम्प्ट, दोन तऱ्हांनी लिहिता येईल. पहिली तऱ्हा टॅगची:

```
1girl, 1boy, green sari, red shirt, red umbrella, green umbrella, railing, lake, rain
```

दुसरी साध्या वाक्यांची:

```
A woman in a green sari stands at a lakeside railing in the rain, holding a red umbrella. Beside her, a boy in a red shirt holds a green umbrella.
```

दोन्हींतला मजकूर जवळजवळ सारखाच वाटतो, पण नीट पाहिलं तर टॅगच्या ओळीत एक गोष्ट मुळातच नाही: कोणती छत्री कोणाच्या हातात आहे, हे त्यात कुठेच लिहिलेलं नाही. वाक्यात ते आहे. म्हणून वाक्यच सरस, असं म्हणण्याचा मोह होतो. पण वाक्यात लिहिलेलं नातं मॉडेलला वाचता आलं, तरच त्याचा उपयोग. ते वाचता येतं की नाही, हे दोन गोष्टींवर ठरतं. एक, मजकूर वाचणारा भाग, म्हणजे टेक्स्ट एन्कोडर, कोणता आहे. दुसरी, मॉडेल शिकत असताना प्रत्येक चित्राखाली कशा प्रकारची ओळ लिहिलेली होती.

२०२२ सालचं स्टेबल डिफ्यूजन १.५ घ्या. त्याचा एन्कोडर आहे क्लिप. क्लिपला शिकवलं ते जोड्या लावायला: समोर ढीगभर चित्रं आणि ढीगभर ओळी, त्यातून कोणती ओळ कोणत्या चित्राची ते ओळखायचं. आता त्या ढिगात छत्री, साडी आणि तलाव एकत्र असलेलं चित्र बहुधा एकच असतं. त्यामुळे ओळीत हे तीन शब्द आहेत एवढं कळलं की जोडी लागते. कोणी काय धरलंय, हे समजून घेण्याची गरजच पडत नाही, आणि ज्याची गरज पडली नाही ते क्लिप फारसं शिकलंही नाही. भरीला, या मॉडेलची चित्रं वेबपानांवरून गोळा केलेली होती आणि त्यांच्या ओळी म्हणजे पानावर चित्रासोबत दिलेला त्रोटक मजकूर. त्यात पूर्ण, नेटकी वाक्यं कमीच.

म्हणून या मॉडेलला वरची दोन वाक्यं दिली तरी साडी लाल निघते, दोन्ही छत्र्या एकाच रंगाच्या येतात किंवा हिरवा रंग कठड्यावर जाऊन बसतो. रंग असा एका वस्तूवरून दुसरीवर सांडणं ही क्लिपवर चालणाऱ्या मॉडेलची ओळखीची खूण आहे. इथे लांब वाक्य लिहून हाती काही लागत नाही, उलट जागा वाया जाते. क्लिप एका वेळी ७७ टोकन, म्हणजे शब्द किंवा शब्दांचे तुकडे, वाचतं, त्यातली दोन सुरुवात आणि शेवट दाखवण्यात जातात. बाकीचं काही सॉफ्टवेअरमध्ये सरळ कापलं जातं, काहींमध्ये ७५-७५ टोकनांचे तुकडे पडतात आणि वाक्य मधेच तुटतं. अशा मॉडेलला छोटे शब्दगट पुरतात, महत्त्वाची वस्तू आधी. स्टेबल डिफ्यूजनचंच २०२३चं रूप, एसडीएक्सएल, दोन क्लिप एन्कोडर वापरतं, म्हणून थोडं अधिक समजतं, पण मूळ स्वभाव तोच.

ऑगस्ट २०२४मध्ये आलेलं फ्लक्स वेगळ्या घडणीचं आहे. त्यात क्लिपच्या जोडीला टी-फाइव्ह नावाचा मोठा एन्कोडर आहे, आणि तो चित्रांवर नाही, निव्वळ मजकुरावर शिकलेला आहे. मजकुरातले गाळलेले शब्द भरून काढणं हा त्याचा अभ्यास. गाळलेला शब्द बरोबर भरायचा तर वाक्यातला कर्ता कोण आणि विशेषण कोणाचं, हे कळावंच लागतं. पण वाचणारा हुशार असून भागत नाही, शिकताना चित्राखालच्या ओळीही तशाच सविस्तर असाव्या लागतात. २०२३च्या डॅल-ई ३मध्ये हे स्पष्ट दिसलं: त्याच्या शिकवणीतल्या ९५ टक्के ओळी मुद्दाम मशीनकडून लिहून घेतलेली लांब वर्णनं होती. अशा मॉडेलला आपली दोन वाक्यं दिली की छत्र्या बहुतेक वेळा योग्य हातात येतात. टॅगची ओळ दिली तर वस्तू सगळ्या येतात, पण कोणाच्या हातात काय, हे मॉडेल आपल्या मनाने ठरवतं. चूक त्याची नसते, आपण ते सांगितलेलंच नसतं.

मग टॅग कालबाह्य झाले का? मुळीच नाही, आणि टॅग सोडून द्या असा सरसकट सल्ला देणाऱ्यांशी माझं ठाम दुमत आहे. अॅनिमॅजिन, इलस्ट्रियस, पोनी ही अॅनिमे शैलीची मॉडेलं डॅनबुरू या चित्रसंग्रहाच्या पद्धतीच्या टॅगवर शिकलेली आहेत. तिथे माणसांनी प्रत्येक चित्राला ठरलेल्या यादीतून टॅग लावलेले असतात. त्यामुळे `from below` किंवा `looking at viewer` याचा अर्थ तिथे अगदी पक्का असतो. तोच कोन वाक्यात वर्णन करून सांगितला तर परिणाम पातळ होतो. `1girl` हाही तसाच ठरलेला टॅग, बाई पन्नाशीची असली तरी तोच. शिकवताना टॅगचा क्रम अनेकदा मुद्दाम पिसलेला असतो, म्हणून शब्द मागेपुढे झाले तरी फारसं बिघडत नाही. `masterpiece` किंवा पोनीचा `score_9` हे टॅगही तिथे खरं काम करतात, कारण शिकवताना चित्रांना दर्जाप्रमाणे ते लावले होते. फ्लक्सच्या प्रॉम्प्टमध्ये तेच शब्द निव्वळ अडगळ ठरतात.

या मॉडेलांची अडचण दोन ठिकाणी येते. यादीत नसलेली गोष्ट, समजा नऊवारीचा काष्टा, टॅगने मागता येत नाही. आणि दोन माणसं आली की गुणांची सरमिसळ होते, कारण टॅगच्या ओळीत मालकी दाखवायची सोयच नाही. आपल्या चित्रासाठी तिथे सरळ वाट अशी: दोघं छत्र्या घेऊन उभे आहेत एवढंच आधी काढून घ्यायचं, मग बाईच्या छत्रीवर मास्क काढून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, तो `red umbrella` या प्रॉम्प्टने इनपेंट करायचा, म्हणजे नव्याने काढून घ्यायचा, आणि मुलाची छत्री त्याच रीतीने हिरवी करायची.

वाक्यांच्या बाबतीत नकार जपून वापरावा. `no boats` लिहिलं की बोटी बऱ्याचदा उलट येतातच, कारण चित्राखालच्या ओळी चित्रात काय आहे ते सांगतात, काय नाही ते क्वचितच. स्टेबल डिफ्यूजनमध्ये त्यासाठी निगेटिव्ह प्रॉम्प्टचा वेगळा रकाना असतो. तो नसेल तिथे `empty, still water` असं होकारार्थी लिहावं. टी-फाइव्हची शब्दसूची इंग्रजी आणि काही युरोपीय भाषांपुरती आहे, देवनागरी अक्षरं तिला ओळखताच येत नाहीत, म्हणून त्या मॉडेलांना मराठीत लिहिलेला प्रॉम्प्ट समजणार नाही.

एखाद्या नव्या मॉडेलबद्दल काहीच माहीत नसेल तर एक चाचणी करून बघता येते. सीड, म्हणजे चित्राची सुरुवात ठरवणारा आकडा, कायम ठेवायचा. वरची दोन वाक्यं देऊन चित्र काढायचं. मग वाक्यांत फक्त छत्र्यांच्या रंगांची अदलाबदल करून पुन्हा काढायचं. छत्र्यांचे रंग बदलले आणि साडी-शर्ट जसेच्या तसे राहिले, तर मॉडेल वाक्यातलं नातं वाचतंय, त्याला सविस्तर वाक्यं द्यावीत. रंग भलतीकडेच सांडले किंवा चित्र होतं तसंच राहिलं, तर ते शब्दच मोजतंय. एकाच सीडवर विसंबू नये. चार-पाच वेगवेगळ्या सीडवर हाच ताळा घेतला की योगायोग वेगळा काढता येतो.