लस वाळली की मेली

गुडघा खरचटला की दोन दिवसांनी त्यातून पाणी सुटतं, आणि घरातलं मोठं माणूस सांगतं, ‘लस येतेय, हात लावू नकोस.’ हा ‘लस’ शब्द मराठीत इंजेक्शनच्या बाटलीच्या कितीतरी आधीपासून आहे. फोडातून, जखमेतून झिरपणारं पातळ, नितळ पाणी म्हणजे लस. देवीच्या लशीलाही हे नाव शब्दशः लागू होतं, कारण जवळजवळ शंभर वर्षं ही लस एका मुलाच्या दंडावरच्या फोडातून काढून दुसऱ्याच्या दंडात घातली जायची. ती कारखान्यात तयार होत नव्हती आणि बाटलीत टिकतही नव्हती. या सगळ्या इतिहासात मला जास्त ओढ आहे ती त्या टिकण्या-न टिकण्याच्या गोष्टीची.

सुरुवात गाईच्या देवीची लस टोचणाऱ्या जेनर या इंग्रज डॉक्टरपासून होत नाही. गाईचा संबंध येण्याआधी काही शतकं लोक खऱ्या देवीच्याच फोडातला द्रव किंवा खपली मुद्दाम निरोगी माणसाला देत होते. चीनमध्ये वाळलेल्या खपल्यांची पूड चांदीच्या नळीने नाकात फुंकायचे. बंगालमध्ये देवी टोचणारे टीकादार दारोदार फिरायचे. त्यांच्या पद्धतीचं तपशीलवार वर्णन हॉलवेल या इंग्रज डॉक्टरने १७६७ साली लिहून ठेवलं आहे. दंडावर बारीक टोचे मारायचे आणि देवीचा द्रव टिपलेला कापूस गंगेच्या पाण्याचे थेंब टाकून त्यावर ठेवायचा. त्यात एक नोंद फार मोलाची आहे: हा कापूस मागच्या वर्षीचा असे, ताज्या फोडातला द्रव टीकादार वापरत नसत. चिनी वैद्यही खपल्या लगेच न वापरता काही आठवडे जपून ठेवायचे.

याचं कारण आज आपल्याला सांगता येतं. वाळलेल्या खपलीत देवीचे विषाणू हळूहळू मरत जातात. साठवलेल्या मालात जिवंत विषाणू कमी उरतात, आणि ते कातडीतून आत गेले तर श्वासावाटे होणाऱ्या लागणीपेक्षा आजार बराच सौम्य येतो. विषाणू म्हणजे काय हे ठाऊक नसताना ही माणसं मात्रा कमी करत होती, आणि त्यासाठी त्यांनी वापरलं ते काळाचं औषध.

मात्रा कमी केली तरी रोग देवीचाच होता. बॉस्टनमध्ये १७२१ साली साथ आली तेव्हा कॉटन मॅदर या धर्मगुरूने टोचून घेण्याचा आग्रह धरला. त्याला ही गोष्ट ओनेसिमस या त्याच्या आफ्रिकेतून आणलेल्या गुलामाकडून कळली होती; आपल्याकडे असं करतात म्हणून ओनेसिमसने दंडावरची खूण दाखवली होती. झॅब्डिएल बॉयल्स्टन या डॉक्टरने अडीचशेच्या आसपास लोकांना टोचलं, त्यातले सहा दगावले. शहरात ज्यांना आपोआप देवी आल्या त्यांतले मात्र दर सातांत एक गेले. त्याच सुमारास लेडी मेरी माँटेग्यू हिने इस्तंबूलमध्ये पाहिलेली पद्धत लंडनला नेली. आकडे टोचणीच्या बाजूने होते, पण एक खोट होती. टोचलेला माणूस स्वतः बरा व्हायचा, आणि त्या काळात शेजाऱ्याला खरीखुरी देवी देऊन जायचा. म्हणजे एका घराचा बचाव दुसऱ्या घरावर साथ आणू शकत होता.

एडवर्ड जेनरने १४ मे १७९६ रोजी सॅरा नेल्म्स या गवळणीच्या हातावरच्या फोडातली लस जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाला टोचली. तो फोड गाईच्या सडांवर उठणाऱ्या देवीचा, काऊपॉक्सचा होता. जुलैमध्ये त्याच मुलाला खऱ्या देवीचा द्रव टोचला, आणि काही झालं नाही. (आज हा प्रयोग कुठल्याही नैतिक समितीपुढे पाच मिनिटंही टिकला नसता.) गवळणींना देवी येत नाही हे खेड्यापाड्यांत माहीत होतं. बेंजामिन जेस्टी नावाच्या शेतकऱ्याने १७७४ सालीच आपल्या बायकोमुलांना गाईची देवी टोचली होती. जेनरचं खरं काम वेगळं आहे: गाईची देवी माणसातून माणसात पुढे नेता येते आणि तरीही संरक्षण देते, हे त्याने दाखवून छापलं. या देवीची लागण हवेतून होत नाही, त्यामुळे शेजाऱ्याची काळजी मिटली.

आणि इथे सगळं उलटं झालं. टीकादाराला मालातलं बळ कमी व्हायला हवं होतं, देवी काढणाऱ्याला ते टिकायला हवं होतं. काऊपॉक्स मुळातच सौम्य, तिला आणखी दुबळी केली तर हाताला काहीच येत नाही. शिवाय गाईंमध्ये ती क्वचितच उठते. हवी तेव्हा हव्या त्या गावात अशी गाय मिळणं अशक्यच. लस जिवंत ठेवायची तर ती कुणाच्या तरी दंडावर असायला हवी.

दंडावरचं वेळापत्रक ठरलेलं असतं. टोचल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी लाल पुळी दिसते, पाचव्या-सहाव्या दिवशी तिचा फोड होतो, आठव्या दिवसाच्या आसपास तो मोत्यासारखा टपोरा, मध्ये किंचित खोलगट असतो. हीच लस काढायची वेळ. दहाव्या-अकराव्या दिवशी आतलं नितळ पाणी गढूळ होऊन पू धरतो, मग खपली, आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास ती पडून खड्डा उरतो. म्हणजे हातात दोन-तीन दिवस. तेवढ्यात पुढचं मूल मिळालं नाही तर साखळी तुटली.

आता हे इंग्लंडहून मुंबईला कसं आणायचं? आफ्रिकेला वळसा घालून जहाज पाच-सहा महिन्यांनी पोचायचं. दोऱ्यावर वाळवलेली लस वाटेतल्या उन्हाळ्यात मरायची. तोडगा निघाला व्हिएन्नात. तिथल्या जाँ द कारो या डॉक्टरने लाँबर्डीतल्या गाईंपासून मिळालेली लस कापसाच्या तंतूंत भिजवून दोन काचांमध्ये बंद केली, वरून मेणाचं कवच चढवलं, आणि ती जमिनीच्या वाटेने इस्तंबूलमार्गे बगदादला पाठवली. पोचली तेव्हा ती ओली होती. बगदादमध्ये मुलांना टोचून ताजी लस तयार झाली, ती बसऱ्याला गेली, तिथे पुन्हा दंडावर उगवून समुद्रमार्गे मुंबईला आली. प्रत्येक मुक्कामावर जुनी लस संपायच्या आत नवी तयार होत होती, टपालाचे घोडे बदलावेत तशी.

मुंबईत १४ जून १८०२ रोजी डॉ. हेलेनस स्कॉट यांच्या देखरेखीखाली ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर ती उठली. भारतातली ही पहिली नोंद. पुढच्या आठवड्यात तिच्या फोडातून आणखी पाच मुलांना टोचलं, आणि तिथून लस पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास अशी निघाली. त्या आठवड्यात ॲनाने तो फोड खाजवून फोडला असता तर बसऱ्यापासून पुन्हा सुरुवात करावी लागली असती.

अटलांटिक ओलांडायला मात्र मध्ये बगदाद नव्हतं. स्पेनच्या राजाचा डॉक्टर फ्रान्सिस्को हाविएर बाल्मिस याने वाटेतले मुक्काम जहाजावरच घेतले. ३० नोव्हेंबर १८०३ रोजी ला कोरुन्या बंदरातून निघालेल्या ‘मारिया पिता’ जहाजावर २२ अनाथ मुलगे होते. त्यांना ना देवी येऊन गेली होती, ना टोचलेली होती. त्यांना सांभाळायला अनाथालयाची प्रमुख इसाबेल सेंदाल बरोबर होती. साधारण दर नऊ-दहा दिवसांनी दोन मुलांना टोचायचं, जेणेकरून एकाचा फोड वाया गेला तरी दुसऱ्याचा राहील. अकरा जोड्या, दर जोडीला नऊ-दहा दिवस, म्हणजे शंभर दिवसांची बेगमी. झोपेत एका मुलाचा हात दुसऱ्याला लागला तरी हिशेब बिघडायचा, कारण एकदा लागण झालेलं मूल पुन्हा उपयोगाचं नाही. या मुलांना कुणी विचारलं नव्हतं, हेही सांगायला हवं.

प्वेर्तो रिकोला उतरल्यावर बाल्मिसला कळलं की शेजारच्या डॅनिश बेटावरून लस आधीच आली आहे. तो तिथल्या डॉक्टरांशी भांडत बसला. त्याची अडचण खरी होती: टोचून झालेल्या मुलांच्या बेटावर पुढच्या प्रवासासाठी कोरी मुलं आणायची कुठून? व्हेनेझुएलाचा किनारा लागला तेव्हा जहाजावर कामाचा फोड एकाच मुलाच्या दंडावर उरला होता. पुढे बाल्मिसने मेक्सिकोतून २६ मुलं घेऊन प्रशांत महासागर ओलांडला आणि एप्रिल १८०५ मध्ये लस मनिलाला, मग मकाव आणि कँटनला पोचवली.

दंडावरून दंडावर जाताना लशीबरोबर दुसरं काहीही जाऊ शकत होतं. इटलीतल्या रिवाल्ता गावात १८६१ साली एका मुलाच्या फोडातून टोचलेल्या चाळीसहून अधिक मुलांना उपदंश झाला. भारतात अडचण सोवळ्याओवळ्याची होती. कुणाच्या मुलाची लस आपल्या मुलाच्या अंगात जाणार हा प्रश्न यायचाच, आणि आपल्या मुलाचा फोड फोडून द्यायलाही आई राजी नसायची. उपाय इटलीतच निघाला होता: मुलांऐवजी वासरं. वासराचं पोट भादरून कातडीवर रेघा ओढायच्या, त्यांत लस चोळायची आणि उठलेले फोड खरवडून घ्यायचे. पुढे त्यात ग्लिसरीन घालू लागले, म्हणजे सोबतचे जिवाणू मरत. विसाव्या शतकात बेळगावच्या लस संस्थेतून मुंबई इलाख्याला जायची ती ही वासराची लस. पण उन्हाळ्यात ती काही दिवसांतच निकामी व्हायची. बैलगाडीतून आलेली नळी जिवंत आहे की मेलेली, हे आठवड्यानंतरच कळे: फोड आला तर उठली, नाही तर पुन्हा टोचा.

ही शेवटची गाठ लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये लेस्ली कॉलियर यांनी १९५० च्या दशकात सोडवली. लस गोठवून, निर्वातात तिच्यातलं पाणी काढून ती काचेच्या कुपीत बंद केली. वाळवल्यामुळे मरणारी लस योग्य रीतीने वाळवल्यावर ३७ अंशांवर महिनाभर टिकू लागली. तिच्या जोडीला १९६० च्या दशकात दोन टोकांची सुई आली. टोकांमध्ये लशीचा एक थेंब अडकतो, मनगट टेकवून कातडीवर पंधरा वेळा भराभर टोचायचं, रक्ताचा अगदी बारीक ठिपका दिसला की पुरे. हे शिकायला पंधरा मिनिटं लागायची आणि पूर्वीच्या चौथ्या हिश्श्याएवढ्या लशीत काम व्हायचं.

त्या कुप्या खिशात घालून देवी डॉक्टर पायी वाड्या-वस्त्यांवर जाऊ लागले. एखाद्या घरात देवी निघाली की त्या घराभोवतीच्या सगळ्यांना आधी टोचायचं, ही त्यांची रीत. भारतातली शेवटची रुग्ण मे १९७५ मध्ये आसामातल्या करीमगंजला सापडली. त्यानंतर काही वर्षांतच देवी काढणं थांबलं, म्हणून साठीच्या माणसांच्या हातावर तो खड्डा दिसतो आणि त्यांच्या नातवंडांच्या हातावर दिसतो तो बीसीजीचा.