अंधारातले वटवाघूळ: फळे खाणारे की किडे खाणारे?

वडाला दिवसाढवळ्या लटकलेले मोठे वटवाघूळ ओळखताना कोणी चुकत नाही. चूक होते ती गुहेतल्या आणि किल्ल्यातल्या कोठारांतल्या फोटोंत. अंधारात राहणारे ते किडे खाणारेच, असे आपण धरून चालतो. पण रुसेटस हे फळे खाणारे वटवाघूळ जिभेने टकटक आवाज काढून प्रतिध्वनीवरून वाट शोधते, म्हणून त्याला अंधारी गुहा चालते. त्याच भिंतीवर टॅफोझोअस हे किडे खाणारे वटवाघूळही असू शकते. दोघांचे डोळे ठसठशीत, तोंड कुत्र्यासारखे, नाक साधे. आकारातही फारसा फरक नाही.

माझ्याकडच्या एका पडक्या कोठाराच्या फोटोत हे दोन्ही आहेत. छताच्या मधोमध एक घोळका पायांवर मोकळा लोंबतो आहे. कोपऱ्यात, भिंतीला पोट चिकटवून, मनगटांवर भार देऊन चारपाच बसले आहेत. पहिला अंदाज इथूनच बांधला: लोंबणारे रुसेटस, चिकटलेले टॅफोझोअस. पण केवळ बसण्यावर विसंबू नये. नालनाक्या वटवाघळांसारखे काही कीटकभक्षीही छताला मोकळे लोंबतात आणि पंख अंगाभोवती गुंडाळून घेतात.

म्हणून फोटो मोठा करून आधी कान पाहिला. रुसेटसच्या कानाची कड बुडाशी पूर्ण जुळलेली असते, त्यामुळे कान नरसाळ्यासारखा दिसतो आणि आत काही नसते. टॅफोझोअसच्या कानाच्या तोंडाशी मात्र एक छोटी पाकळी उभी असते. ही पाकळी नालनाक्यांना नसते, पण त्यांच्या नाकावर पानासारख्या घड्या असतात. आपल्याकडच्या फळे खाणाऱ्यांच्या नाकावर त्या कधीच नसतात.

मग पंखाची कड. अंगठ्याचे नख दोघांनाही असते. त्याच्या शेजारच्या बोटाच्या टोकाला आणखी एक बारीक नख दिसले, तर प्राणी फलाहारी. घोळक्यातल्या एकाच्या मिटलेल्या पंखावर ते स्वच्छ दिसत होते, आणि माझी खात्री तिथे झाली. उलट, नख दिसले नाही म्हणून निकाल देऊ नये: ते पंखाच्या घडीत लपते, आणि इओनिक्टेरिस या फलाहारींच्याच कुळातल्या वटवाघळाला ते नसतेच.

शेपूटही बोलके असते, पण ते पाठमोऱ्या फोटोतच कळते. टॅफोझोअसचे शेपूट पायांमधल्या पडद्यातून वर बाहेर येते. रुसेटसचे आखूड असते आणि पडदाही अरुंद.

डोळ्यांच्या लाल चमकेला मी पुरावा मानत नाही, कारण ती फ्लॅशच्या कोनानुसार बदलते. त्यापेक्षा खालच्या जमिनीचा एक फोटो जरूर घ्यावा. फळांचा चोथा, बिया आणि चिकट डाग असतील तर वर फलाहारी आहेत. कोरड्या, चुरगळताच भुगा होणाऱ्या लेंड्या असतील तर कीटकभक्षी. माझ्या फोटोत जमीन आलेलीच नाही. त्यामुळे कोपऱ्यातल्या ज्या एकाचा कान आणि शेपूट दोन्ही सावलीत आहेत, त्याच्यापुढे मी अजून प्रश्नचिन्हच ठेवले आहे.