पेन्सिलीची बाटली काचेची कशी होते

काजूच्या फेणीसाठी नवी बाटली हवी, आणि ती जुन्या गर्राफांवाच्या, म्हणजे फेणी साठवायच्या मोठ्या काचेच्या बाटलीच्या, वळणाची हवी: पोट फुगीर, मान आखूड, वर बूच. फोंड्यातल्या एका डिझायनर मैत्रिणीकडे असं काम आलं. तिने वहीच्या पानावर पेन्सिलीने बाटली काढली, मोबाइलवर फोटो घेतला आणि लिहिलेल्या वर्णनावरून चित्र बनवणाऱ्या स्टेबल डिफ्यूजन या एआय मॉडेलच्या इमेज-टू-इमेजमध्ये टाकला, म्हणजे दिलेल्या चित्रावरून नवं चित्र करायच्या सोयीत. ताकदीचा आकडा ०.४ ठेवला, तर पेन्सिलीचीच बाटली परत आली, जरा नीटनेटकी होऊन. ०.८ ठेवला, तर काच झकास चमकली, पण बाटली सरळसोट व्हिस्कीची झाली, पोट गेलं. मधल्या आकड्यांवर धड हेही नाही आणि तेही नाही.

अशा वेळी बहुतेक जण आकडा मागे-पुढे सरकवत बसतात. ०.५५, ०.५७, ०.६. माझ्या मते हा वेळ फुकट जातो, कारण गडबड चित्रातच असते. ती कुठे आहे हे कळायला त्या आकड्याने आत काय होतं ते बघावं लागतं.

हा आकडा काही प्रोग्रामांत `strength` या नावाने दिसतो, काहींत `Denoising strength`, तर काहींत नुसता `denoise`. तो ० ते १ मध्ये असतो. प्रोग्राम आधी तुमचं चित्र एका आटोपशीर रूपात बदलतो. ५१२ बाय ७६८ पिक्सेलचं चित्र ६४ बाय ९६ घरांचं होतं, म्हणजे एका घरात ८ बाय ८ पिक्सेल मावतात. मग त्यावर ठरावीक प्रमाणात यादृच्छिक ठिपके, म्हणजे नॉइज, ओतला जातो. तिथून पुढे मॉडेल टप्प्याटप्प्याने तो नॉइज उपसतं, आणि उपसताना तुम्ही लिहिलेल्या वर्णनाला शोभेल असं चित्र घडवत जातं. किती नॉइज ओतायचा, हे ताकदीचा आकडा सांगतो. हा मार्ग २०२१ साली स्टॅनफर्ड आणि कार्नेगी मेलन विद्यापीठांतल्या संशोधकांनी SDEdit या नावाने मांडला होता.

हिशोब सरळ रेषेत चालत नाही. ०.५ म्हणजे निम्मं चित्र आणि निम्मा नॉइज असा आपला समज होतो, तो चूक. स्टेबल डिफ्यूजनच्या पहिल्या पिढीतल्या मॉडेलांचं नॉइजचं वेळापत्रक घेऊन गणित केलं, तर ०.४ ला चित्राला साधारण ०.६५ आणि नॉइजला ०.७६ ने गुणलं जातं. ०.६ ला चित्राचा गुणक ०.४० वर येतो आणि ०.८ ला जेमतेम ०.१९ उरतो.

आता मुख्य गोष्ट. नॉइज चित्रातलं सगळं सारखं पुसत नाही. पावसाळ्यात चोर्ला घाटात धुकं उतरतं तेव्हा आधी फांद्या दिसेनाशा होतात, मग झाडं, आणि डोंगराची आकृती सगळ्यात शेवटी. इथेही बारीक तपशील आधी बुडतो. मोठे उजेड-अंधाराचे पट्टे आणि रंगांचे भाग बऱ्याच वरच्या आकड्यापर्यंत तग धरतात. पेन्सिलीच्या चित्रात बारीक काय आहे? बाटलीची कड, तीही दोन-तीन पिक्सेलची रेघ. आणि मोठं काय आहे? कोरा पांढरा कागद. म्हणजे आकडा वाढवला की जे जपायचं ती कड बुडते आणि जो नको तो कागद टिकून राहतो. आकार सांगणारं काही हाताशी उरलं नाही की मॉडेल सवयीच्या बाटलीकडे वळतं, आणि सवयीची बाटली उभट असते. आकडा कमी ठेवला तर कड वाचते, पण रेघ म्हणूनच वाचते. पेन्सिलीची रेघ म्हणजे काचेची कड, असा अर्थ लावायला मॉडेलला मोकळीक मिळत नाही.

म्हणून मैत्रिणीने आकडा सरकवत न बसता आधी चित्र बदललं. कुठल्याही रंगवायच्या अ‍ॅपमध्ये स्केचवर नवा थर घेतला. आधी अर्धीच बाटली काढून ती आडवी उलटवून जोडली, कारण हाताने काढलेले दोन खांदे कधीच सारखे नसतात आणि तो वाकडेपणा ०.५ च्या खाली तसाच उतरतो. मग पार्श्वभूमी फिकट राखाडी केली. फेणी पाण्यासारखी नितळ. तिला भरायला रंगच नाही. इथे वस्तूंचे फोटो काढणाऱ्यांची जुनी युक्ती कामी आली. पारदर्शक काचेच्या मागून उजेड दिला की मधला भाग उजळ दिसतो आणि कडा काळपट होतात, कारण कडेजवळ प्रकाश वाकून दुसरीकडे जातो. तिने दोन्ही कडांना आतून जाड गडद पट्टा दिला, चांगला वीस-पंचवीस पिक्सेलचा, मधला भाग पार्श्वभूमीहून थोडा उजळ ठेवला, फेणीच्या पातळीवर एक गडद लंबगोल टाकला आणि बूच तपकिरी रंगाने भरलं. पेन्सिलीचा थर बंद करून टाकला. उरलेलं चित्र लहान मुलाने काढल्यासारखं दिसत होतं, पण आकार आता मोठ्या भागांत लिहिलेला होता.

वर्णनात नुसतं फेणी लिहून भागत नाही, दिसणारी वस्तू सांगावी लागते:

```
clear glass bottle, round wide belly, short neck, cork stopper,
colourless liquid, studio product photo, light from behind
```

याच चित्रावर ०.६५ ला पोट शाबूत राहिलं आणि काच काचेसारखी दिसली. तुलना करताना `seed`, म्हणजे कुठला यादृच्छिक नॉइज ओतायचा ते ठरवणारा आकडा, मात्र एकच ठेवा, नाहीतर फरक आकड्याने पडला की नशिबाने हे कळणार नाही. दुसऱ्या फेरीत हेच नवं चित्र ०.३ ला परत घातलं, तेव्हा आकार न हलता चमक आणि बुचाचा पोत सुधारला. फार कमी आकड्याला एक अडचण येते. काही प्रोग्राम टप्प्यांची संख्या ताकदीने गुणतात, म्हणजे ३० टप्पे आणि ०.२ दिलं तर प्रत्यक्षात सहाच टप्पे चालतात. तेव्हा टप्पे वाढवून द्यावे.

लेबल कोरंच ठेवलेलं बरं. आठ पिक्सेलच्या घरात बारीक देवनागरी अक्षर मावत नाही, वेलांट्या आणि मात्रांचं कडबोळं होतं. मजकूर शेवटी वेगळा बसवावा. ०.८ च्या वरची मोकळीक हवीच असेल, तर २०२३ मध्ये आलेलं कंट्रोलनेट आहे. ते कडांचा नकाशा वेगळ्या वाटेने मॉडेलला पुरवतं, त्यामुळे नॉइज कितीही ओतला तरी रेघ हाताशी राहते.

हे चित्र गिऱ्हाइकाला दाखवायचं, साचेवाल्याकडे पाठवायचं नाही. त्यात काचेची जाडी नाही, ७५० मिलिलिटर मावतील याची हमी नाही. मॉडेल प्रकाशाचं गणितही करत नाही, फक्त काच साधारण कशी दिसते ते रंगवतं. तपासायचं असेल तर भरलेल्या गोल बाटलीमागे काय दिसतंय ते बघा. अशी बाटली भिंगाचं काम करते, त्यामुळे जरा दूर मागे ठेवलेली वस्तू तिच्यातून डावी-उजवी उलटून दिसते. मॉडेल बऱ्याचदा ती सरळच दाखवतं. मैत्रिणीने म्हणून बाटलीमागची काजूची फांदी काढून टाकली आणि बोंडू पुढ्यात, काचेच्या बाहेर ठेवले.