एकच ट्यूब, दोन आकडे: १२.९ की ०.४?

लॅबमध्ये नवीन आलेली एक मुलगी परवा वही घेऊन आली आणि म्हणाली, ताई यातला खरा आकडा कुठला लिहू? रक्ताच्या प्लाझ्मातून काढलेला डीएनए, ५० मायक्रोलिटर, एकच ट्यूब. नॅनोड्रॉपवर १२.९ नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर आलं आणि डायवाल्या फ्लुओरोमीटरवर ०.४. म्हणजे तीस पटीपेक्षा जास्त फरक, आणि दोन्ही मशीन अगदी आत्मविश्वासाने दशांशासकट आकडा दाखवतात. बरं पुढे सिक्वेन्सिंगसाठी डीएनएच्या तुकड्यांची लायब्ररी बनवायला १० नॅनोग्रॅम डीएनए हवा होता, त्यामुळे "सरासरी काढू का" हा तिचा दुसरा प्रश्न मी हसण्यावारी नेला तरी पहिला प्रश्न एकदम रास्त होता.

आधी नॅनोड्रॉपचं बघू. हे मशीन डीएनए मोजतच नाही, ते प्रकाश किती अडला तेवढंच मोजतं. २६० नॅनोमीटरचा अल्ट्राव्हायोलेट प्रकाश डीएनएचे बेस शोषून घेतात, आणि १० मिलिमीटर जाडीच्या द्रावणात शोषण १ आलं तर दुहेरी धाग्याचा डीएनए ५० नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर आहे असं धरायचं, हा जुना हिशोब. पण नॅनोड्रॉपवर आपण एकच थेंब ठेवतो, त्यातून प्रकाशाचा रस्ता १ मिलिमीटर किंवा त्याहून कमी. म्हणजे ०.४ नॅनोग्रॅमवाल्या सॅम्पलचं शोषण किती येणार, तर १ मिलिमीटरला ०.०००८. प्रकाशाच्या भाषेत सांगायचं तर हजारातले जेमतेम दोन भाग अडले. मशीनची स्वतःची थरथर याच्यापेक्षा मोठी असते, साधारण ०.००२, म्हणजे एक नॅनोग्रॅम इकडे तिकडे. वजनकाट्यावर ट्रक उभा करून ड्रायव्हरच्या खिशातली चिल्लर मोजण्यासारखं आहे हे. म्हणून या मशीनची खालची मर्यादा साधारण २ नॅनोग्रॅम सांगतात, आणि माझ्या मते ५ च्या खालचा आकडा नुसता अंदाज म्हणूनच बघावा.

पण मग थरथरीमुळे १ च्या जागी २ येईल, १२.९ कसं आलं? हा खरा मुद्दा आहे. २६० ला फक्त डीएनए शोषत नाही, आरएनए शोषतो, सुटे न्यूक्लिओटाइड शोषतात, उरलेले प्रायमर शोषतात, फिनॉल उरलं असेल तर त्याचाही उंचवटा २७० च्या आसपास येऊन इकडे सांडतो. मशीनला यातलं काहीच वेगळं दिसत नाही, सगळ्याची बेरीज करून ते "डीएनए" असं लेबल लावतं. आणि प्लाझ्मातून इतका थोडा डीएनए काढायचा असतो तेव्हा तो डीएनए धरून ठेवणाऱ्या कॉलमवर नीट पकडला जावा, ट्यूबच्या भिंतीला चिकटून वाया जाऊ नये म्हणून बऱ्याच किटमध्ये मुद्दाम कॅरियर आरएनए टाकतात. तो आपणच टाकलेला असतो, शेवटी तो सॅम्पलबरोबरच बाहेर येतो, आणि आपण विसरून जातो.

मी तिला विचारलं, किट ब्लँक ठेवला होतास का? म्हणजे प्लाझ्माच्या जागी नुसतं पाणी घालून बाकी सगळे टप्पे जसेच्या तसे केलेली ट्यूब. ठेवला होता, शहाणी आहे. तो नॅनोड्रॉपवर लावला तर १२.३! ज्यात डीएनए घातलाच नाही त्या ट्यूबमध्ये १२.३. आणि २६० च्या शोषणाला २८० च्या शोषणाने भागून येणारं गुणोत्तर दोन्हीकडे २ च्या वर, डीएनएचं साधारण १.८ असतं, त्यामुळे तिथेही खूण होतीच.

लगेच मनात येतं की मग १२.९ वजा १२.३ करा, ०.६ डीएनए, फ्लुओरोमीटरच्या ०.४ च्या जवळ आलोच की. नाही! ब्लँकचीच ट्यूब तिने परत तीनदा लावली, ११.८, १३.४, १२.६ असे आले. ज्या आकड्याची थरथर एकाहून जास्त आहे त्यातून ०.६ वजाबाकीने काढता येत नाही, ते योगायोगाने जुळलं होतं. आणखी एक गंमत, आरएनएचा गुणक साधारण ४० धरतात आणि मशीन ५० ने गुणतं, त्यामुळे तो १२.३ खरा आरएनएसुद्धा नाही, असला तर अंदाजे १० असेल.

आता डायवाली पद्धत. इथे पिकोग्रीनसारखा रंग वापरतात जो पाण्यात मोकळा असताना जवळजवळ चमकतच नाही. त्याचा रेणू सैलपणे वळवळत असतो आणि मिळालेली ऊर्जा हालचालीतच घालवून टाकतो. दुहेरी धाग्याच्या डीएनएत बेसच्या थरांमधे आणि बाजूच्या खाचेत जाऊन बसला की त्याची हालचाल बंद, मग निळा प्रकाश पाडला की हिरवा उजेड बाहेर, आणि हा उजेड मोकळ्या रंगापेक्षा हजार पटीहून जास्त असतो. म्हणजे इथे आपण भरपूर उजेडातली थोडीशी घट शोधत नाही, अंधारातला उजेड शोधतो, म्हणूनच ०.०१ नॅनोग्रॅमसारख्या भागातही आकडा मिळतो. सुटे न्यूक्लिओटाइड आणि फिनॉल असा उजेड देत नाहीत, आरएनए फारच कमी देतो. फारच कमी म्हणजे शून्य नव्हे हे मात्र लक्षात ठेवा. इथे डीएनएच्या पंचवीस पट आरएनए होता, म्हणून किट ब्लँक डायवरही लावला, ०.०३ आला. तो वजा करून सॅम्पल ०.३७. डायच्या बाबतीत ही वजाबाकी चालते कारण तिथे ब्लँक सॅम्पलच्या दहाव्या हिश्शाहून लहान आहे आणि परत लावला की परत तोच येतो.

मग डायचा आकडा खरा म्हणून विषय संपला का? तर तिथेही दोन शंका उरतात. पहिली, सॅम्पलमधलं काहीतरी, मीठ किंवा किटचं उरलेलं ग्वानिडीन, रंग बसण्याच्याच आड येत असेल तर? मिठाने रंगाची पकड ढिली होते, कारण तो धनभारित असतो आणि डीएनए ऋणभारित. हे तपासायचं सोपं आहे. १० मायक्रोलिटर सॅम्पलमधे ओळखीचा ५ नॅनोग्रॅम डीएनए मुद्दाम मिसळायचा. ट्यूबमधे आधी ४ वाचले जात होते, तर आता ९ यायला हवेत. तिला ८.७ आले, घातलेल्यातले ४.७ परत मिळाले, ठीकच. समजा ६.५ आले असते तर घातलेल्यापैकी अर्धेच दिसले असते, म्हणजे मूळ सॅम्पलही अर्धाच दिसतोय आणि ४ च्या जागी खरे ८ असण्याची शक्यता.

दुसरी शंका स्टँडर्डची, आणि माझ्या अनुभवात जास्त घोळ इथेच होतात. फ्लुओरोमीटरला नॅनोग्रॅम काय ते माहीत नसतं, त्याला आपण दोन ट्यूब दाखवतो. एकात शून्य, दुसऱ्यात १० नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटरचा स्टँडर्ड १० मायक्रोलिटर, म्हणजे ट्यूबमधे एकूण १००. दोघांमधे सरळ रेघ ओढायची आणि सॅम्पल त्या रेघेवर बसवायचा. वरच्या स्टँडर्डमधे पिपेटने १० च्या जागी ९ गेले तर सगळे सॅम्पल सरसकट अकरा टक्के जास्त दिसतील, वाईट आहे पण सगळ्यांना सारखंच. शून्याच्या ट्यूबचं मात्र तसं नाही. समजा टिप बदलायची राहिली आणि शून्यात २ नॅनोग्रॅम डीएनए गेला. मशीन त्याला शून्य समजणार. ८० नॅनोग्रॅमवाला सॅम्पल ७९.६ दिसेल, कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण आपला ४ नॅनोग्रॅमवाला? ४ वजा २, भागिले ९८, गुणिले १००, म्हणजे २.०४, सरळ निम्मा! आणि १.५ वाला तर "रेंजच्या खाली" म्हणून गायबच होणार. म्हणून विरळ सॅम्पल मोजताना मी शून्याच्या दोन ट्यूब करते आणि त्यांचा कच्चा उजेड, म्हणजे नॅनोग्रॅममधे रूपांतर व्हायच्या आधीचा आकडा, मागच्या वेळच्या वहीशी ताडून बघते, तो चढला असेल तर पुढचं काही मोजतच नाही. आणि सॅम्पल १ मायक्रोलिटर घालून कंजूषपणा करू नका, १ ला पिपेट सहज दहा टक्के चुकते. सॅम्पल उरतो म्हणून बरं वाटतं पण आकडा जातो.

ट्यूब हातात धरून गप्पा मारत बसू नका हेही सांगून ठेवते, ती गरम झाली की उजेड कमी होतो.

स्टँडर्ड कशाचा, हेही महत्त्वाचं. बहुतेक वेळा लॅम्डा फाज या जिवाणूंवरच्या विषाणूचा डीएनए असतो, ४८,५०२ बेसपेअरचा लांबलचक, दुहेरी धागा. प्लाझ्मातला डीएनए १६७ बेसपेअरच्या आसपास तुटलेला असतो, तिथे अजून फारसं बिघडत नाही, पण तुकडे वीसतीस बेसवर आले की रंगाला बसायला जागा उरत नाही आणि आकडा खाली येतो. एकेरी धाग्याचं तर विचारूच नका. कुणी शुद्ध डीएनए उकळला असेल, तर धागे सुटे होतात आणि मग नेमकं उलटं होतं, एकेरी धाग्याचा गुणक धरला तर नॅनोड्रॉप बऱ्यापैकी खरं सांगतो आणि डाय खूप कमी दाखवतो. त्यामुळे "डाय म्हणजे नेहमी बरोबर" असं डोळे झाकून म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. आणि हो, त्या लॅम्डा स्टँडर्डवर लिहिलेला आकडा आला कुठून? तर मूळ स्टॉक २६० च्या शोषणावरच मोजलेला असतो! फक्त तिथे तो शुद्ध असतो आणि १० मिलिमीटरच्या क्युव्हेटमधे नीट शोषण दिसेल इतका दाट असतो. तो आकडाच मग पातळ करत करत आपल्यापर्यंत येतो.

शेवटी तिच्या १० नॅनोग्रॅमचं काय झालं ते सांगते. १२.९ धरलं असतं तर तिने ०.७८ मायक्रोलिटर घेतलं असतं आणि लायब्ररीत खरा गेला असता ०.२९ नॅनोग्रॅम, मग एवढ्या थोड्या तुकड्यांच्या कॉपीवर कॉपी येऊन सिक्वेन्सिंगचे रीड बहुतेक फुकट. ०.३७ ने हिशोब केला तर २७ मायक्रोलिटर लागतात, आणि मोजण्यात गेलेलं सोडून तिच्याकडे २८ उरले होते. वहीत तिने लिहिलं "०.३७, दुहेरी धागा, डाय, किट ब्लँक वजा करून", आणि खाली कंसात १२.९ पण ठेवलं, त्याच्यापुढे "बहुतेक कॅरियर".