गोंधळकारी घटक व उत्तरजीवी अभिनती (आहार-रोग अभ्यासांतील)

लोकांच्या नेहमीच्या राहणीत काहीही बदल न करता, फक्त नोंदी घेऊन आहार आणि रोग यांचा संबंध शोधणाऱ्या अभ्यासांतील दोन प्रमुख दोष. आहाराशी निगडित असलेला आणि रोगावर स्वतंत्रपणे परिणाम करणारा तिसराच घटक आहाराचा परिणाम म्हणून दिसतो, तेव्हा त्यास गोंधळकारी घटक (कन्फाउंडर) म्हणतात. मृत, आजारी वा काम सोडून गेलेली माणसे मोजणीत न आल्याने जो कल निर्माण होतो, ती उत्तरजीवी अभिनती होय.

पहिल्या संकल्पनेचे जनकत्व वादग्रस्त आहे. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२०च्या दशकात शेतीप्रयोगांच्या आखणीसंदर्भात कन्फाउंडिंग ही संज्ञा वापरली. मात्र तेथे ती सोयीसाठी मुद्दाम केलेली परिणामांची सरमिसळ होती, दोष नव्हे. निरीक्षणात्मक संशोधनातील आजचा अर्थ लेस्ली किश यांच्या १९५९च्या लेखनापासून रूढ झाला, असे काही इतिहासकार मानतात. संज्ञा बाजूला ठेवून केवळ विचार पाहिला, तर उडनी यूल यांनी १९०३च्या सुमारास दोन भिन्न गट एकत्र केल्याने खोटा संबंध कसा उपजतो हे दाखवले होते. हा दाखला अधिक ग्राह्य वाटतो. दुसऱ्या दोषाची जाण याहून जुनी आहे. विल्यम ओगल यांनी १८८५मध्ये इंग्लंडमधील व्यवसायनिहाय मृत्युदर तपासताना लिहिले की, कष्टाच्या धंद्यांत धट्टीकट्टी माणसेच शिरतात आणि दुबळी झालेली बाहेर पडतात. यालाच पुढे १९७०च्या दशकात ‘निरोगी कामगार परिणाम’ हे नाव मिळाले. जर्झी नेमन यांनी १९५५मध्ये रोगग्रस्तांच्या एकवेळच्या मोजणीतील याच प्रकारच्या चुकीचे विवेचन केले.

दोन्ही दोष एकाच ठिकाणी कसे येतात, हे सोलापूरच्या एका कल्पित उदाहरणावरून पाहू. पुढील आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. शहरातील २,००० प्रौढांची पाहणी केली. त्यांपैकी १,००० जण रोज ज्वारीची भाकरी खाणारे, तर १,००० मुख्यतः पोळी-भात खाणारे. मधुमेह पहिल्या गटात ७० जणांना, दुसऱ्यात १३० जणांना आढळला. भाकरीने धोका जवळपास निम्मा होतो, असा मथळा यावरून सहज तयार होईल.

आता हीच माणसे कामानुसार वेगळी करावीत. भाकरी खाणाऱ्यांत ८०० जण यंत्रमाग, हमाली वा शेतीत राबणारे आणि २०० जण बैठ्या कामाचे निघाले. पोळी-भात गटात हे प्रमाण नेमके उलट आहे. राबणाऱ्यांत मधुमेह ५ टक्के आणि बैठ्यांत १५ टक्के, मग ते भाकरी खावोत वा पोळी. म्हणजे पहिल्या गटात ४० अधिक ३०, दुसऱ्यात १० अधिक १२०. फरक पूर्णपणे कामाचा होता, भाकरीचा नव्हे. म्हणून असा अभ्यास वाचताना प्रथम गटांच्या तुलनेचा तक्ता पाहावा: वय, काम, उत्पन्न, तंबाखू यांत दोन्ही गट मुळातच वेगळे आहेत का? हे घटक विचारात घेतल्यावर गटांतला फरक खूप कमी होत असेल, तर न मोजलेले काहीतरी अजूनही शिल्लक असण्याचा संशय रास्त ठरतो. मात्र प्रत्येक घटक समायोजित करणे, म्हणजे त्याचा प्रभाव हिशेबातून काढून टाकणे, योग्य नव्हे. भाकरीमुळे वजन कमी राहत असेल आणि त्यातून मधुमेह टळत असेल, तर वजन समायोजित केल्यास खरा परिणामही पुसला जातो.

येथवर बहुतेक वाचक पोहोचतात. पुढचा प्रश्न अधिक अवघड आहे. राबणाऱ्यांतील ते ५ टक्के तरी कितपत खरे? पाहणी मागांच्या शेडमध्ये झाली असेल, तर मधुमेहामुळे पायाच्या जखमेने उभे राहवत नाही किंवा नजर अधू झाली म्हणून माग सोडलेला कामगार तेथे भेटणारच नाही. तो घरी आहे, गावी परतला आहे, किंवा हयात नाही. शेडमध्ये निरोगी तेवढे उरतात आणि राबणाऱ्यांतील मधुमेहाचे प्रमाण कमी दिसते. कामाप्रमाणे गट पाडूनही हा दोष जात नाही, कारण जे मोजलेच नाहीत त्यांना कोणत्याही गटात बसवता येत नाही. हे ओळखण्याची खूण यादीत असते: दहा वर्षांपूर्वीच्या हजेरीपटावर किती नावे होती आणि आज त्यांतली किती जण सापडली? अभ्यासात हा आकडाच नसेल, तर तो मोठा उणेपणा समजावा. ‘सत्तरीतले भाकरी खाणारे ठणठणीत’ अशा निष्कर्षालाही हीच कसोटी लागू पडते, कारण पन्नाशीतच मरण पावलेले त्या पाहणीत येत नाहीत.

यावर मुख्य उपाय म्हणजे निरोगी माणसांची नावे आरंभीच नोंदवून, काम सोडले तरी त्यांचा मागोवा ठेवणे आणि नव्याने होणारा रोग मोजणे. यामुळे उलटा कार्यकारणभावही टळतो. मधुमेह झाल्यावर डॉक्टरांच्या सांगण्यावरून भात सोडून भाकरी धरणारे पुष्कळ असतात, आणि एकवेळच्या पाहणीत तेच भाकरी खाऊन आजारी पडलेले दिसतात. मागील काळाचा अभ्यास करायचा झाल्यास मृतांच्या आहाराची माहिती नातेवाइकांकडून घ्यावी लागते, आणि ती जिवंत व्यक्तीने स्वतः सांगितलेल्या माहितीइतकी नेमकी नसते.