पुश आणि पुल पुरवठा साखळी

पुरवठा साखळीत माल पुढच्या टप्प्याकडे कशाच्या आधारे सरकतो, यावरून केलेले दोन प्रकार. मागणीच्या अंदाजावर आधीच माल तयार करून पुढे पाठवणे म्हणजे पुश, आणि पुढच्या टप्प्यावर माल प्रत्यक्ष खपल्यावरच मागच्या टप्प्याने तो भरून देणे म्हणजे पुल.

पुल पद्धतीचे श्रेय सहसा टोयोटाच्या ताइइची ओनो यांना देतात. अमेरिकन सुपरमार्केटमध्ये फळीवरून जेवढा माल उचलला जातो तेवढाच पुन्हा भरला जातो, ही कल्पना त्यांनी यंत्रशाळेत आणली. प्रयोगांची सुरुवात १९४० च्या दशकाच्या अखेरीस झाली असावी. माल खपला की तो भरून देण्याची सूचना मागच्या टप्प्याला देणारे कार्ड म्हणजे कानबान; या कार्डांच्या वापरासाठी बहुधा १९५३ हे साल दिले जाते.

व्याख्येबाबत मतभेद आहेत. पुल म्हणजे ऑर्डर आल्यावर उत्पादन, असे परीक्षेच्या उत्तरांत सर्रास लिहिले जाते. पण कानबानमध्ये फळीवर तयार माल असतोच. वॉलेस हॉप आणि मार्क स्पिअरमन यांनी २००४ मध्ये वेगळा निकष मांडला : प्रक्रियेत अडकलेल्या मालावर ठरावीक मर्यादा असेल तर ती पुल. पुढील उदाहरणात हाच निकष अधिक उपयोगी पडतो.

चाकणच्या एका वाहन कारखान्याला भोसरीचा लघुउद्योजक ब्रॅकेट पुरवतो, असे समजू. तासाला ६० नग लागतात, रिकामा क्रेट परत जाऊन भरून यायला ४ तास जातात आणि एका क्रेटमध्ये ४० नग मावतात. या ४ तासांची गरज २४० नगांची. त्यावर २५ टक्के राखीव धरले की ३०० होतात. प्रत्येक क्रेटला एक कार्ड; ३०० ला ४० ने भागले की ७.५ येतात, म्हणून ८ कार्डे. सगळी कार्डे फिरत असली तरी साखळीत ३२० पेक्षा जास्त नग साठूच शकत नाहीत.

दुबळी बाजूही याच आकड्यांत आहे. नाशिक रस्त्यावर कोंडी होऊन फेरी ६ तासांची झाली, तर गरज ३६० नगांवर जाते आणि लाइन थांबते. त्याची चाहूल आधी लागते : क्रेट आणि कार्डे वाटेतच अडकून पडू लागतात, चाकणची फळी ओसरत जाते. कार्डे वाढवणे हा तात्पुरता इलाज. फेरीची वेळ कमी करणे खरा.

हाच उद्योजक पोलादी पत्रा मात्र अंदाजावर घेतो, कारण तो यायला काही आठवडे लागतात आणि कारखाना इतका थांबत नाही. म्हणजे पत्र्यापर्यंत पुश आणि प्रेसपासून पुढे पुल. ही सीमारेषा दाखवली नाही तर साखळीचे वर्णन अपुरे राहते.

गणेशमूर्तींच्या व्यापारातही अशी सीमा दिसते. पेणहून न रंगवलेल्या मूर्ती पुण्यात अंदाजाने आणल्या जातात आणि काही विक्रेते गिऱ्हाइकाच्या पसंतीनुसार इथे त्या रंगवून देतात. किती मूर्ती आणायच्या हा धोका उरतोच, कारण चतुर्थीनंतर शिल्लक मूर्तीला वर्षभर गिऱ्हाईक नसते.